रक्तपेशीची वाट कोण ठरवते?

1970च्या दशकात जपानमधील कुमामोतो येथे ताकाजी मियाके हे संशोधक रुग्णांची लघवी साठवत होते. ती थोडीथोडकी नव्हती. अखेरीस तिचे माप 2,550 लीटर भरले. हे सारे रुग्ण अप्लास्टिक ॲनिमियाचे होते. या आजारात हाडांच्या पोकळीतली मज्जा, म्हणजे रक्त तयार होण्याची जागा, जवळपास ओस पडते आणि तिथे चरबी भरते. मियाके यांनी त्या लघवीतला अर्क अमेरिकेत युजीन गोल्डवासर यांच्याकडे नेला. शिकागो विद्यापीठातले गोल्डवासर तोवर दोन दशके एका संप्रेरकाच्या मागे होते. रक्तक्षय झालेल्या मेंढ्यांच्या रक्तातून ते गाळून काढण्यात त्यांची कितीतरी वर्षे गेली होती. 1977 साली दोघांनी मिळून मानवी एरिथ्रोपोएटिन शुद्ध स्वरूपात वेगळे केल्याचे जाहीर केले. एवढ्या लघवीतून हाती आलेला पदार्थ 10 मिलिग्रॅमच्या आसपास होता, म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही.

एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी वाढवणारे संप्रेरक. डॉक्टर मंडळी त्याला थोडक्यात ‘इपीओ’ म्हणतात. ते मिळवण्यासाठी नेमके असे रुग्ण निवडले गेले, ज्यांच्या शरीरात तांबड्या पेशी तयारच होत नव्हत्या. हे ऐकायला उलटे वाटते. तांबड्या पेशी वाढवणारे द्रव्य ज्यांच्या अंगात भरपूर आहे, त्यांनाच तांबड्या पेशींची एवढी टंचाई का असावी?

या प्रश्नाचे उत्तर समजले, की रक्त कसे घडते यातली बरीचशी गुंतागुंत सुटते. शिवाय वाढघटकाचे एखादे इंजेक्शन एका रुग्णाला उभे करते आणि दुसऱ्याला काडीचाही उपयोग का होत नाही, हेही कळते.

इपीओ प्रामुख्याने मूत्रपिंडात तयार होते. 1957 मध्ये शिकागोच्याच लिऑन जेकबसन, गोल्डवासर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे एकेक अवयव काढून पाहिले, तेव्हा मूत्रपिंडे काढलेल्या उंदरांतच हे द्रव्य वाढेनासे झाले. मूत्रपिंडातल्या काही विशिष्ट पेशी रक्तातून आपल्यापर्यंत किती प्राणवायू पोहोचतो हे सतत अजमावत असतात. प्राणवायू कमी पडला की इपीओचे उत्पादन वाढते, आणि तीव्र रक्तक्षयात त्याची पातळी नेहमीच्या शेकडो पट, कधी हजार पट होते. अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाचे मूत्रपिंड धडधाकट असते. रक्त कमी आहे हे त्याला कळते आणि ते इपीओ सोडत राहते. मज्जेत मात्र त्याला प्रतिसाद देणाऱ्या पेशीच उरलेल्या नसतात. न वापरलेले इपीओ रक्तात साठते आणि त्यातले काही लघवीवाटे बाहेर पडते. मियाके यांनी नेमके तेच जमवले.

म्हणजे रक्त घडायला दोन गोष्टी लागतात. एक, ज्यातून पेशी तयार होतील ती मूळ पेशी. आणि दुसरी, त्या पेशींच्या वाटचालीत त्यांना जगवणारी, वाढवणारी आणि कदाचित वळवणारी द्रव्ये. त्यातले ‘कदाचित वळवणारी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. त्यांवर शास्त्रज्ञांचा वाद पुढे अनेक दशके चालला.

आधी मूळ पेशीविषयी.

1961 साली कॅनडात, टोरांटोच्या ऑन्टारिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स टिल आणि अर्नेस्ट मॅक्युलक हे दोघे किरणोत्सर्गाचा मज्जेवर काय परिणाम होतो ते मोजत होते. टिल भौतिकशास्त्राचे, मॅक्युलक डॉक्टर. स्वतःची मज्जा पूर्ण नष्ट होईल इतका किरणोत्सर्ग ते उंदरांना देत आणि मग निरोगी उंदराच्या मज्जेतल्या मोजून घेतलेल्या पेशी त्यांच्या शिरेत सोडत. दहा दिवसांनी उंदीर उघडला, तर प्लीहेवर फुगीर गाठी दिसत. मॅक्युलक यांनी त्या मोजल्या. जितक्या जास्त पेशी टोचल्या, तितक्या जास्त गाठी, आणि हे प्रमाण सरळ रेषेत जाणारे होते. ढोबळमानाने दर 10,000 पेशींमागे एक गाठ. गाठीत पाहिले तर तांबड्या पेशींची पिल्ले, पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू घडवणाऱ्या मोठ्या पेशी, असे सगळेच मिसळून सापडत.

प्रमाण सरळ रेषेत आहे, त्यावरून असे वाटले, की प्रत्येक गाठ एकाच पेशीची संतती असावी. पण वाटणे आणि सिद्ध होणे यांत फरक असतो. 1963 मध्ये त्यांचे सहकारी अँड्र्यू बेकर यांनी टोचलेल्या पेशींनाही किरणोत्सर्ग दिला. त्यातून वाचलेल्या काही पेशींची गुणसूत्रे मोडून विचित्र पद्धतीने पुन्हा जोडली गेली होती. अशी मोडतोड प्रत्येक पेशीत वेगळी असते, म्हणून ती खूण म्हणून वापरता येते. एका गाठीतल्या सगळ्या विभाजन पावणाऱ्या पेशींत तीच एक खूण दिसली, तेव्हा वादाला जागा राहिली नाही: तांबडी, पांढरी, बिंबाणूंची, ही सारी वंशावळ एका पेशीपासून निघाली होती. त्याच वर्षी लुई सिमिनोविच यांच्यासह केलेल्या प्रयोगात एका गाठीतल्या पेशी नव्या उंदरांत टोचल्या, तर त्यांतूनही पुन्हा गाठी उगवल्या. म्हणजे काही पेशी नुसत्या वेगवेगळ्या प्रकारांत रूपांतरित होत नव्हत्या, तर आपल्यासारख्याच आणखी पेशीही मागे ठेवत होत्या.

रक्ताची मूलपेशी म्हणजे काय, याची व्याख्या आजही याच दोन कसोट्यांवर टिकते. ती सर्व प्रकारच्या रक्तपेशी देऊ शकली पाहिजे आणि स्वतःसारखी पेशीही. पुढे असे लक्षात आले, की 1961 मधल्या गाठींपैकी अनेक गाठी खऱ्या मूलपेशींच्या नव्हत्या. त्या मूलपेशीपासून एक-दोन पायऱ्या खाली उतरलेल्या आणि काही काळच टिकणाऱ्या पेशींच्या होत्या. हे कळले म्हणून त्या प्रयोगाचे मोल कमी झाले नाही. उलट, मूलपेशी आणि तयार रक्तपेशी यांच्या मधे अनेक पायऱ्या आहेत, हे त्यातूनच पुढे आले.

या पायऱ्या हव्यातच कशाला? हे थोडा हिशेब करून पाहिल्यावर पटते. प्रौढ माणसाच्या शरीरात रोज सुमारे 20,000 कोटी तांबड्या पेशी तयार होतात, म्हणजे दर सेकंदाला 23 लाखांच्या आसपास. त्याउलट रक्ताला हातभार लावणाऱ्या मूलपेशींची संख्या 2018 मधल्या एका अभ्यासात 50,000 ते 2,00,000 एवढीच निघाली. शिवाय यातली एक मूलपेशी साधारण 40 आठवड्यांतून एकदाच दुभंगते, असा अंदाज आहे. समजा मूलपेशी 1 लाख आहेत. मग रोज त्यांतल्या साडेतीनशेच्या आसपास दुभंगतील. प्रत्येक वेळी एक पेशी मागे राहिली आणि एक पुढच्या वाटेला लागली असे धरले, तर साडेतीनशे पेशींपासून 20,000 कोटी तांबड्या पेशी व्हायला एकेकीची संतती सुमारे 29 वेळा दुप्पट व्हावी लागेल. हे गणित अगदी ढोबळ आहे. त्यात वाटेत मरणाऱ्या पेशी धरलेल्या नाहीत आणि पांढऱ्या पेशी व बिंबाणू तर मोजलेलेच नाहीत. पण त्यावरून रचनेचा उद्देश दिसतो. दुप्पट होण्याचे जवळपास सारे काम मधल्या पायऱ्यांवरच्या पेशी करतात, आणि त्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपून जातात. विभाजनाच्या वेळी जनुकांच्या नकलेत चुका होतात. त्या चुका संपून जाणाऱ्या पेशींत झाल्या तर फारसे बिघडत नाही. आयुष्यभर टिकणारी मूलपेशी मात्र क्वचितच दुभंगते, म्हणून तिच्यात चुका हळू साचतात.

मधल्या पायऱ्यांवर पेशींचे पर्याय कमी कमी होत जातात. मूलपेशीची काही संतती लिम्फोसाइट या गटाकडे वळते, काही मायलॉइड म्हटल्या जाणाऱ्या दुसऱ्या गटाकडे. मायलॉइड गटात पुढे एका बाजूला तांबड्या पेशी आणि बिंबाणू, तर दुसऱ्या बाजूला न्यूट्रोफिल व मॅक्रोफेज यांसारख्या पांढऱ्या पेशी. न्यूट्रोफिल जंतूंवर सर्वांत आधी धावून जातात आणि फार तर काही दिवस जगतात. मॅक्रोफेज जंतू व मेलेल्या पेशी गिळतात आणि ऊतींत बराच काळ राहतात. 1997 आणि 2000 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या अर्विंग वाइसमन यांच्या प्रयोगशाळेने या दोन्ही गटांच्या सामाईक पूर्वज पेशी उंदराच्या मज्जेतून वेगळ्या काढून दाखवल्या, आणि पाठ्यपुस्तकांतला फांद्या फुटणारा वृक्ष पक्का झाला.

आता ते ‘कदाचित’. एखादी पेशी फाट्याशी येते, तेव्हा तिने कुठल्या बाजूला जावे हे वाढघटक ठरवतो का? की पेशीने आपली बाजू आधीच आतल्या आत निवडलेली असते आणि वाढघटक फक्त तिला जिवंत ठेवतो? मुंबईच्या मध्य रेल्वेवर कल्याणला लोकलचा एक मार्ग कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. वाढघटक हा कल्याणला सांधा बदलणारा माणूस आहे, की कर्जतच्या मार्गावरच्या तारेतला विजेचा प्रवाह, जो बंद पडला तर त्या मार्गाला लागलेली गाडी पुढे सरकणार नाही, पण जो गाडीला त्या मार्गाला लावत मात्र नाही? बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही बाबतीत एकच दिसते: घटक असला की कर्जतला गाड्या पोहोचतात, नसला की पोहोचत नाहीत. म्हणून हा वाद इतका चिवट ठरला.

इपीओच्या बाबतीत निकाल 1995 मध्ये लागला. अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये हाँग वू आणि हार्वी लॉडिश यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, ज्यांच्यात इपीओचे जनुकच नव्हते, आणि दुसरे असे, ज्यांच्या पेशींवर इपीओला जोडून घेणारा ग्राहक रेणू नव्हता. दोन्ही प्रकारचे गर्भ तेराव्या दिवसाच्या सुमारास रक्ताअभावी मेले. इथवर सगळे अपेक्षेप्रमाणे होते. पण त्या गर्भांच्या यकृतात, जिथे गर्भावस्थेत रक्त घडते, तांबड्या पेशींच्या वाटेला लागलेल्या पूर्वज पेशी पुरेशा संख्येने हजर होत्या. इपीओचे जनुक नसलेल्या गर्भातल्या पेशींना बशीत इपीओ दिले, की त्या पुढे जाऊन तांबड्या पेशीही बनत. म्हणजे तांबडी वाट निवडायला इपीओची गरज पडली नव्हती. गरज होती ती वाटेवरच्या एका विशिष्ट टप्प्यावर तग धरायला. त्याआधी 1990 मध्ये मार्क कूरी आणि मॉरिस बाँडुरंट यांनी हेच दुसऱ्या बाजूने दाखवले होते: या टप्प्यावरच्या पेशींचे इपीओ काढून घेतले, की काही तासांत त्यांच्यातला डीएनए तुकडे तुकडे होऊ लागतो आणि त्या आत्मनाशाच्या मार्गाने मरतात, इपीओ असले तर तसे होत नाही.

तांबड्या वाटेवरचा हा टप्पा मोजक्या विभाजनांचा असतो. निरोगी माणसातही तिथे पोहोचलेल्या बऱ्याच पेशी पुढे जात नाहीत, कारण त्या सगळ्यांना पुरेल इतके इपीओ नसते. रक्तस्राव झाला, इपीओ वाढले, की एरवी मेल्या असत्या त्या पेशी तगतात. म्हणून शरीराला मूलपेशींना हात न लावता थोड्या दिवसांत उत्पादन वाढवता येते.

आता हाच निष्कर्ष रुग्णांच्या बाबतीत लावून पाहता येतो. वर्षानुवर्षे डायलिसिसवर असलेल्या माणसाचे हिमोग्लोबिन 7 वर आले आहे असे समजा. त्याच्या पांढऱ्या पेशी ठीक आहेत, बिंबाणू ठीक आहेत. रेटिक्युलोसाइट, म्हणजे मज्जेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी, मात्र हिमोग्लोबिन इतके खाली आल्यावर जितक्या दिसायला हव्यात तितक्या दिसत नाहीत. मज्जा तपासली तर ती रिकामी नसते. दोष मूत्रपिंडात आहे: ते इपीओ देत नाही, आणि तांबड्या वाटेवरच्या पेशी त्या एका टप्प्यावर मरत आहेत. अशा माणसाला बाहेरून इपीओ दिले तर काही दिवसांत रेटिक्युलोसाइट वाढतात आणि पुढच्या आठवड्यांत हिमोग्लोबिन चढू लागते. इपीओचे जनुक 1985 साली हाती लागले. त्यापासून बनवलेले औषध जोसेफ एशबाख यांच्या सिॲटलमधल्या गटाने डायलिसिसच्या रुग्णांना दिले, त्याचे निष्कर्ष 1987 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या 18 रुग्णांना परिणामकारक मात्रा मिळाली, त्यांतल्या 12 जणांना आधी वारंवार रक्त चढवावे लागत असे, ते थांबले.

त्याच वेळी दोन मर्यादाही दिसल्या. उत्पादन वेगाने वाढले की साठवलेले लोह संपते, म्हणून लोह पुरवले नाही तर इपीओ असूनही हिमोग्लोबिन अडकून पडते. आणि काहींचा रक्तदाब वाढतो. हिमोग्लोबिन पार निरोगी माणसाइतके नेण्याचा अट्टहास केला, तर हृदयविकाराचा धोका वाढतो, हे 2006 मधल्या एका मोठ्या चाचणीत स्पष्ट झाले. म्हणून डॉक्टर इंजेक्शने देतात, पण 13-14 चा आकडा गाठण्याच्या मागे लागत नाहीत.

वू यांच्या उंदरांत जे दिसले, ते माणसांतही एकदा फार दुःखद रीतीने दिसून आले. 2002 मध्ये निकोल कासादवॉल आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समधल्या 13 रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांच्या शरीराने इंजेक्शनमधल्या इपीओविरुद्ध प्रतिपिंडे तयार केली होती, आणि ती प्रतिपिंडे औषधाबरोबरच शरीराचे स्वतःचे इपीओही निकामी करत होती. या लोकांच्या मज्जेत तांबड्या पेशींची पिल्ले जवळपास नाहीशी झाली. पांढऱ्या पेशी आणि बिंबाणू यांना मात्र धक्का लागला नाही. एका घटकाचा पुरवठा तुटला आणि एकच वाट बंद पडली.

पण इपीओवरून सगळ्या वाढघटकांचा निकाल लावता येत नाही. न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज ज्या फाट्यावर वेगळे होतात, तिथली गोष्ट निराळी आहे, आणि ती उलगडायला मेलबर्नच्या डोनाल्ड मेटकाफ यांची चिकाटी कारणी लागली.

मेटकाफ वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये काम करत. 1966 मध्ये रे ब्रॅडली यांच्यासह त्यांनी अगारच्या मऊ थरात मज्जेच्या पेशी वाढवून त्यांच्या वसाहती मोजण्याची पद्धत बसवली. इस्राएलमध्ये डोव्ह प्लुझनिक आणि लिओ साक्स यांनीही त्याच सुमारास तशीच पद्धत शोधली होती. योग्य द्रव्य घातले नाही तर अगारमध्ये एकही वसाहत उगवत नसे. या द्रव्यांच्या शोधातून जीएम-सीएसएफ, एम-सीएसएफ, जी-सीएसएफ ही नावे आली. ‘सीएसएफ’ म्हणजे वसाहतींना चालना देणारा घटक.

1980च्या दशकाच्या सुरुवातीला मेटकाफ यांनी एक अतिशय नाजूक प्रयोग केला. न्यूट्रोफिल किंवा मॅक्रोफेज, काहीही बनू शकेल अशी एकच पेशी त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि ती दुभंगण्याची वाट पाहिली. दुभंगताच तिच्या दोन्ही कन्यापेशी बारीक नळीने वेगळ्या उचलल्या. एक जीएम-सीएसएफमध्ये ठेवली आणि दुसरी एम-सीएसएफमध्ये. एकाच आईच्या दोन मुलींच्या वसाहती वेगळ्या निघाल्या: एम-सीएसएफकडच्या बव्हंशी मॅक्रोफेजच्या, तर जीएम-सीएसएफकडे न्यूट्रोफिलच्या गटातल्या पेशी अधिक. अशा अनेक जोड्या तपासल्यावर तो योगायोग म्हणून सोडून देणे कठीण झाले.

तरीही शंका घेणाऱ्यांचे म्हणणे खोडता येत नव्हते. समजा कन्यापेशीची संतती मनाला येईल तशी दोन्ही वाटांना लागते, आणि एम-सीएसएफमध्ये फक्त मॅक्रोफेजच जगतात, बाकीच्या मरतात. शेवटी बशीत तेच दृश्य दिसेल. मेलेल्या पेशी कोणी मोजल्या होत्या?

मोजायला आणखी पंचवीसहून अधिक वर्षे लागली. म्युनिकमध्ये मायकेल रीगर आणि टिम श्रोडर यांनी 2009 मध्ये अशाच पूर्वज पेशींचे दिवसेंदिवस सलग चित्रण केले. दर काही मिनिटांनी एक छायाचित्र, आणि त्यातल्या प्रत्येक पेशीची वंशावळ: कोण कधी दुभंगली, कोण मेली, कोण काय झाली. जी-सीएसएफमध्ये ठेवलेल्या पेशींची संतती जवळजवळ सगळी न्यूट्रोफिलच्या गटाची झाली, एम-सीएसएफमधली मॅक्रोफेजची. आणि मेलेल्या पेशी इतक्या थोड्या होत्या, की नकोशी बाजू मरून गेली असे म्हणायला वावच उरला नाही. म्हणजे या फाट्यावर घटक खरोखर दिशा देतो. शास्त्रज्ञांच्या दोन्ही बाजू आपापल्या ठिकाणी बरोबर होत्या. फक्त त्या वेगवेगळ्या पायऱ्यांबद्दल बोलत होत्या.

पेशीच्या आत ही दिशा कशी उमटते? पेशीतली काही प्रथिने इतर जनुके चालू-बंद करतात. गाटा-1 तांबड्या पेशी व बिंबाणूंची जनुके चालू करते, पीयू-1 पांढऱ्या पेशींची. दोन्ही एकमेकांना दाबतात, त्यामुळे एकाची सरशी झाली की ती वाढतच जाते. 1990च्या दशकात थॉमस ग्राफ यांच्या गटाने पांढऱ्या वाटेला लागलेल्या कोंबडीच्या पेशींत गाटा-1 भरले, तेव्हा त्या पेशी मागे फिरून दुसऱ्या प्रकारच्या झाल्या. यावरून बरीच वर्षे असे मानले गेले, की या दोन प्रथिनांची आतली यादृच्छिक झोंबाझोंबीच फाट्यावरचा निर्णय घेते. श्रोडर यांच्याच गटाने 2016 मध्ये जिवंत पेशींत दोन्ही प्रथिने चमकती करून पाहिली, तर झोंबाझोंबी सुरू होण्याआधीच पेशीचा कल ठरलेला दिसला. म्हणजे गाटा-1 आणि पीयू-1 निर्णय पक्का करतात. तो सुरू कुठे होतो हे अजून शोधले जात आहे.

तो वृक्षही आता तितका सरळ राहिलेला नाही. एकेका पेशीतली हजारो जनुके वाचण्याचे तंत्र आल्यावर इस्राएलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या इडो अमित यांच्या गटाने 2015 मध्ये उंदराच्या त्या ‘सामाईक मायलॉइड पूर्वज’ पेशी तपासल्या. सामाईक म्हणावी अशी पेशी त्यात फारशी सापडली नाही; बहुतेकींचा कल आधीच एखाद्या बाजूला होता. गटाला ‘सामाईक’ नाव मिळाले ते वेगवेगळ्या कलाच्या पेशी एकत्र मोजल्यामुळे. आता पाठ्यपुस्तकातला फाटा हे एक ठिकाण नसून लांबवर पसरलेला उतार आहे असे म्हणावे लागते. मूलपेशी मात्र वर आहे आणि तयार पेशी खाली, हे कायम राहिले.

मूलपेशीच हरवल्या तर काय करायचे? अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णाची तपासणी डायलिसिसच्या रुग्णाहून वेगळी दिसते: तांबड्या, पांढऱ्या, बिंबाणू, तिन्ही कमी, आणि मज्जेच्या नमुन्यात पेशींच्या जागी चरबी. इथे इपीओचे इंजेक्शन व्यर्थ, कारण रुग्णाच्या रक्तात ते आधीच ओसंडत असते. जुळणारा दाता मिळाला तर दुसऱ्याच्या मूलपेशी बसवणे हा एक मार्ग. भारतात अशी मज्जा प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया 1983 मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी सुरू केली. तेव्हा दात्याच्या कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढत. आता बऱ्याचदा दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफ टोचतात. त्याने मज्जेत मूलपेशींना धरून ठेवणारे सीएक्ससीएल-12 हे द्रव्य कमी होते, मूलपेशी रक्तात उतरतात आणि यंत्राने हातातल्या शिरेतून गोळा करता येतात. त्या दिवसांत दात्याची हाडे दुखतात. रुग्णात त्या पेशी रुजल्या की नाही हे दोन-तीन आठवड्यांनी न्यूट्रोफिलच्या मोजणीतून कळते: सलग तीन दिवस रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये 500 हून अधिक. पुढे काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटही दात्याचा होतो.

दुसरा मार्ग सापडला तो एका वाढघटकामुळे, आणि तोही वेगळ्याच कारणासाठी शोधलेल्या. थ्रोम्बोपोएटिन हा बिंबाणू वाढवणारा घटक 1994 मध्ये अनेक गटांना जवळपास एकाच वेळी मिळाला. त्याचा ग्राहक रेणू बिंबाणूंच्या वाटेवरच्या पेशींवर असणार हे अपेक्षित होते. पण तो खुद्द मूलपेशींवरही निघाला. ज्या बालकांत हा ग्राहक रेणू जन्मतःच निकामी असतो, त्यांना आधी फक्त बिंबाणूंची कमतरता असते, आणि काही वर्षांत सगळी मज्जाच ओस पडते. नावात बिंबाणू असले, तरी या घटकावर शिडीच्या सर्वांत वरच्या पायरीची मदार होती.

अमेरिकेतल्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये हा ग्राहक रेणू चालू करणारी एल्ट्रॉम्बोपॅग ही गोळी अप्लास्टिक ॲनिमियाच्या अशा रुग्णांना दिली गेली, ज्यांच्यावर नेहमीचे उपचार फोल ठरले होते. 2012 मध्ये निष्कर्ष आले: 25 पैकी 11 जणांचे रक्त सुधारले, आणि काहींत फक्त बिंबाणू नव्हे तर तांबड्या आणि पांढऱ्या पेशीही वाढल्या. दोन वर्षांनी 43 रुग्णांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला. पाच जणांचे रक्त इतके सावरले होते, की त्यांची गोळी बंद केली, तरी पेशींची संख्या टिकून राहिली. त्याच 43 पैकी 8 जणांच्या मज्जेत मात्र गुणसूत्रांचे नवे दोष आढळले, त्यांत सातवे गुणसूत्र हरवलेलेही होते. जखमी मूलपेशींना चालना देताना त्यांतली एखादी बिघडलेली पेशीही पुढे येते का, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. म्हणून ही गोळी घेणाऱ्या रुग्णाचे रक्त सुधारत असले, तरी डॉक्टर ठरावीक अंतराने मज्जेचा नमुना घेऊन गुणसूत्रे तपासत राहतात.